शॉकचा तक्ता पाठ असतो, पण पेशंटसमोर उलटा पडतो: बिघाड कुठे असतो आणि दुरुस्त कसा करायचा

बी.एस्सी. आणि जीएनएमच्या विद्यार्थ्यांची मेडिकल-सर्जिकलची उजळणी घेताना एकच बिघाड दरवर्षी समोर येतो. शॉकचे प्रकार तोंडपाठ असतात, बाण वर-खाली बरोबर काढलेले असतात, पण केस दिली की उत्तर चुकतं. आयसीयूत नव्या लागलेल्या सिस्टरांच्या बाबतीतही हेच होतं आणि तिथे चूक पेशंटला भोगावी लागते. हा बिघाड मी ज्या क्रमाने दुरुस्त करून घेते, तोच क्रम इथे लिहिते आहे.

## बिघाडाची लक्षणं

खालीलपैकी दोन गोष्टी जरी तुमच्या बाबतीत खऱ्या असतील, तरी पुढचं वाचा.

- ताप दिसला की उत्तरात थेट "सेप्टिक शॉक" लिहिलं जातं.
- सिस्टोलिक ९० च्या खाली गेल्याशिवाय "शॉक" हा शब्द मनात येत नाही.
- कार्डिओजेनिक आणि ऑब्स्ट्रक्टिव्ह शॉकच्या ओळी तुमच्या तक्त्यात अगदी सारख्या दिसतात आणि त्यातला फरक सांगता येत नाही.
- नर्सिंग प्रायॉरिटीमध्ये सहाही प्रकारांपुढे "ऑक्सिजन, आयव्ही लाइन, व्हायटल्स, डॉक्टरांना कळवा" एवढंच लिहिलेलं असतं.
- न्यूरोजेनिक शॉकमध्ये नाडी मंद का, असं विचारलं की "तसं पुस्तकात आहे" हे उत्तर येतं.

## बिघाडाचं मूळ

तक्ता नावाकडून पाठ केलेला असतो. आधी "सेप्टिक", मग त्याचे बाण. पेशंट मात्र नाव सांगत येत नाही. तो थंड पाय, बारीक नाडी, फुगलेली मान असं काहीतरी घेऊन येतो आणि नाव आपल्याला शेवटी शोधायचं असतं. म्हणून तक्ता उलट्या दिशेने वाचायची सवय लागली पाहिजे.

त्यासाठी एकच सूत्र लागतं. सरासरी रक्तदाब हा कार्डियाक आउटपुट आणि एसव्हीआर, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एकूण अवरोध, यांच्या गुणाकारावर ठरतो. इमारतीच्या पाण्याचं उदाहरण घ्या. वरच्या मजल्यावर नळाला पाणी येत नसेल तर चारच कारणं असू शकतात: टाकीत पाणी नाही, पंप बिघडला, पाइपात काहीतरी अडकलं, किंवा पाइप एवढे रुंद झाले की दाबच उरला नाही. हायपोव्होलेमिक, कार्डिओजेनिक, ऑब्स्ट्रक्टिव्ह आणि डिस्ट्रिब्युटिव्ह हे शॉकचे चार गट म्हणजे याच चार जागा. सेप्टिक, ॲनाफायलॅक्टिक आणि न्यूरोजेनिक हे तिन्ही चौथ्या गटातले.

पहिल्या तिघांत आउटपुट पडतं, म्हणून शरीर रक्तवाहिन्या आवळतं आणि एसव्हीआर वाढतो. चौथ्यात मूळ बिघाडच एसव्हीआरमध्ये असतो, तो पडतो. एवढं समजलं की तक्त्यातले निम्मे बाण पाठ करावे लागत नाहीत.

## तक्ता पहिला: रक्ताभिसरणातले फरक

| प्रकार | प्रीलोड | आउटपुट | एसव्हीआर | पाय | मानेच्या शिरा | नाडी |
|---|---|---|---|---|---|---|
| हायपोव्होलेमिक | ↓ | ↓ | ↑ | थंड, घामट | सपाट | जलद, बारीक |
| कार्डिओजेनिक | ↑ | ↓ | ↑ | थंड, घामट | फुगलेल्या, फुप्फुसात पाणी | जलद, बारीक, कधी अनियमित |
| ऑब्स्ट्रक्टिव्ह | ↑ | ↓ | ↑ | थंड | फुगलेल्या, फुप्फुसात पाणी नाही | जलद, बारीक |
| सेप्टिक, सुरुवातीला | ↓ | ↑ किंवा नॉर्मल | ↓ | गरम | सपाट | जलद, भरदार |
| ॲनाफायलॅक्टिक | ↓ | बदलतं | ↓ | आधी गरम, लालसर | सपाट | जलद |
| न्यूरोजेनिक | ↓ | ↓ | ↓ | गरम, कोरडे | सपाट | मंद |

आता उजवीकडचे तीन रकाने बघा. पाय, मान आणि नाडी. या तिन्हींना एक पैसा लागत नाही, आणि तक्ता वाचायला सुरुवात तिथूनच करायची.

## तपासण्या: फुकटापासून महागापर्यंत

पहिली: पायाला हात लावा. हातमोजा काढून किंवा पातळ मोज्यातून, हाताची मागची बाजू पेशंटच्या पावलावर आणि मग गुडघ्यावर ठेवा. पाऊल थंड आणि गुडघा गरम असेल, तर रक्तवाहिन्या आवळलेल्या आहेत. मग बोटाच्या टोकावर पाच सेकंद दाब देऊन सोडा आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर नोंद करा. एसव्हीआरचा रकाना तुम्ही मशीनशिवाय भरला. थंड पाय म्हणजे पहिले तीन गट, गरम पाय म्हणजे चौथा.

पल्स ऑक्सिमीटरवर आकडा येत नाही म्हणून बोट बदलत बसण्याची सवय सगळ्या वॉर्डांत आहे. बोट थंड पडल्यामुळे आकडा येत नसेल, तर ते स्वतःच एक लक्षण आहे. बोट बदलण्याआधी पाय तपासा.

इथे एक मर्यादा आहे. सेप्टिक शॉक पुढे सरकला, हृदयाचे स्नायू थकले की तोही थंड होतो, आणि लहान मुलांत तो सुरुवातीपासूनच थंड असू शकतो. म्हणून गरम पायांवरून बरंच सांगता येतं, पण थंड पाय आहेत म्हणून सेप्सिस नाही असं म्हणता येत नाही.

दुसरी: नाडी आणि पल्स प्रेशर. बीपीचा वरचा आकडा सगळे वाचतात. त्यातून खालचा वजा करा. ही वजाबाकी म्हणजे पल्स प्रेशर, नॉर्मल साधारण ४०. रक्त किंवा पाणी कमी होऊ लागलं की प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटतं, तर आवळलेल्या रक्तवाहिन्यांमुळे डायस्टोलिक वर राहतो. मग सिस्टोलिक अजून ठीक दिसत असताना दोन आकडे एकमेकांजवळ येतात. रक्तस्राव शरीरातल्या रक्ताच्या १५ ते ३० टक्के असतानाच नाडी १०० च्या वर जाते आणि पल्स प्रेशर अरुंद होतं. सिस्टोलिक पडतो तो बहुधा ३० टक्क्यांच्या पुढे. ७० किलोच्या माणसात हा फरक साधारण पाऊण लिटर आणि दीड लिटर यांमधला आहे. बीपी पडण्याची वाट बघणारा एवढं रक्त वाया घालवतो.

सेप्टिकमध्ये सुरुवातीला उलट दिसतं. डायस्टोलिक पडतो, फरक रुंद राहतो, नाडी हाताला जोरात लागते.

नाडी मंद असेल तर दोन गोष्टी आठवा. एक, न्यूरोजेनिक: छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीच्या वर मज्जारज्जूला इजा झाली की सिम्पॅथेटिक पुरवठा तुटतो. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि हृदयाला वेग वाढवण्याचा निरोपच पोचत नाही. नाडी मंद का, याचं उत्तर हे. दोन, पेशंट बीटा ब्लॉकरवर आहे का, हे औषधांच्या पिशवीत बघा. अशा पेशंटची नाडी रक्त वाहत असतानाही ८० वर राहू शकते.

तिसरी: मान आणि छाती. पाय थंड आहेत हे कळलं, आता तीन गटांतला एक निवडायचा आहे. डोकं साधारण ४५ अंशांवर ठेवून मानेच्या शिरा बघा. सपाट असतील तर टाकी रिकामी, म्हणजे हायपोव्होलेमिक. फुगलेल्या असतील तर रक्त परत येतंय पण पुढे जात नाही. मग स्टेथोस्कोप पाठीवर लावा. दोन्ही बाजूंना खाली बुडबुड्यांसारखे आवाज आले तर पंप बिघडलाय आणि पाणी फुप्फुसात साचतंय. एका बाजूला हवाच ऐकू येत नसेल तर टेन्शन न्यूमोथोरॅक्स. दोन्ही बाजू स्वच्छ असतील तर टॅम्पोनाड किंवा फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली गुठळी. कार्डिओजेनिक आणि ऑब्स्ट्रक्टिव्ह यांच्या सारख्या दिसणाऱ्या ओळी इथे वेगळ्या होतात.

अपवाद एक, पण लक्षात ठेवण्यासारखा. उजव्या बाजूच्या हार्ट अटॅकमध्ये मान फुगलेली आणि फुप्फुसं स्वच्छ असतात, तरी तो कार्डिओजेनिकच. इन्फिरियर अटॅकच्या पेशंटचं बीपी कमी असेल तर उजव्या बाजूच्या लीड्स लावून ईसीजी काढायची तयारी ठेवा, आणि नायट्रोग्लिसरीन देण्याआधी डॉक्टरांना पुन्हा विचारा. त्याने अशा पेशंटचं बीपी कोसळू शकतं.

चौथी: लघवीची पिशवी आणि घटनाक्रम. मोठ्या माणसात दर किलोमागे तासाला अर्धा मिली ही खालची रेघ. ६० किलोच्या पेशंटला तासाला ३० मिली. मूत्रपिंडाला रक्त कमी पडल्याचं हे सरळ माप आहे. सोबत विचारा: गेल्या अर्ध्या तासात नवीन काय दिलं? अँटिबायोटिक, रक्त, सर्पदंशाचं प्रतिविष? अंगावर गांधी, आवाज बसलेला, छातीत शिट्टी असेल तर पुढच्या कुठल्याही तपासणीसाठी थांबू नका.

पाचवी: ज्याला पैसे आणि माणसं लागतात. हिमॅटोक्रिट, लॅक्टेट, ईसीजी, मग इको, आणि सर्वांत शेवटी सेंट्रल लाइन. सीव्हीपीचा एकटा आकडा फसवतो. तो पोझिशन, व्हेंटिलेटरचा दाब, ट्रान्सड्यूसरची उंची यांनी बदलतो. त्याची दिशा बघा, एका आकड्यावर भिस्त ठेवू नका.

## एक केस शेवटपर्यंत

सप्टेंबर महिना. २४ वर्षांचा मुलगा, वजन ६० किलो, तापाचा पाचवा दिवस, डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह. सकाळपासून ताप उतरलाय, म्हणून नातेवाईक डिस्चार्जचं विचारतायत. मुलगा मात्र गप्प आहे, दोनदा उलटी झाली, पोट दुखतंय. नाडी ११८, बीपी १००/८२.

विद्यार्थी इथे दोन उत्तरं देतात. एक म्हणजे "बीपी नॉर्मल, शॉक नाही". सरासरी दाब काढला तर तोही ८८ येतो, म्हणजे ६५ च्या कितीतरी वर. दुसरं उत्तर, "ताप आणि जलद नाडी, म्हणजे सेप्टिक".

आता क्रमाने जा. पाय थंड, रंग परत यायला चार सेकंद. म्हणजे एसव्हीआर वाढलेला, सुरुवातीच्या सेप्टिकची ओळ बाद. पल्स प्रेशर १०० वजा ८२, म्हणजे १८. डेंग्यूत २० किंवा त्याहून कमी फरक ही शॉकची रेघ आहे. मानेच्या शिरा सपाट, छातीत बुडबुडे नाहीत, पण उजव्या बाजूला खाली हवा थोडी कमी. सहा तासांत लघवी १०० मिली, हवी होती किमान १८०. हिमॅटोक्रिट भरती होताना ४० होता, आता ५०, म्हणजे पाव पट वाढ.

उत्तर हायपोव्होलेमिक. रक्त सांडलेलं नाही, पण केशवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपून छातीत आणि पोटात गेला. लाल पेशी आत राहिल्या, म्हणून हिमॅटोक्रिट चढला. उजवीकडे हवा कमी ऐकू येते तीही त्याच पाण्यामुळे. बीपी टिकलं आहे ते आवळलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोरावर आणि तो जोर संपला की काही मिनिटांत पडतं. डेंग्यूत ताप उतरण्याची वेळ हीच धोक्याची वेळ असते, हे नातेवाइकांनाही त्याच क्षणी सांगायला हवं.

या टप्प्यावर डॉक्टरांचा आदेश बहुधा पहिल्या तासात किलोमागे ५ ते १० मिली क्रिस्टलॉइड असा येतो, म्हणजे इथे ३०० ते ६०० मिली. सिस्टरचं काम ड्रिप जोडून संपत नाही. दर १५ ते ३० मिनिटांनी पाय, रंग परत येण्याचा वेळ, नाडी, पल्स प्रेशर, आणि तासाला लघवी. तासाभराने बीपी ११२/७६ आणि पाय कोमट झाले तर दिशा बरोबर आहे आणि ड्रिपचा वेग कमी करायचं विचारायला हवं. हिमॅटोक्रिट ५० वरून ३८ वर आला आणि नाडी मात्र १३० झाली, तर ती सुधारणा नव्हे. आत कुठेतरी रक्तस्राव आहे, रक्त मागवावं लागेल.

दुसऱ्या बाजूची चूक पुढच्या २४ ते ४८ तासांत होते. झिरपलेला प्लाझ्मा परत रक्तात येऊ लागतो, आणि त्याच वेळी ड्रिप जुन्याच वेगाने चालू राहिली तर फुप्फुसात पाणी भरतं. खोकला, श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी बघत राहा. या पेशंटला आयएम इंजेक्शन, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको.

## तक्ता दुसरा: प्रायॉरिटी जिथे वेगळी होते

ऑक्सिजन, दोन जाड कॅन्युला आणि मॉनिटर हे सगळ्यांत समान आहेत, ते पुन्हा लिहीत नाही.

| प्रकार | पहिलं काम | काय करायचं नाही |
|---|---|---|
| हायपोव्होलेमिक | रक्तस्राव दाबून थांबवा, क्रॉसमॅचला सॅम्पल पाठवा, पेशंट उबदार ठेवा | फक्त सलाईनवर सलाईन लावत राहू नका, रक्त गेलं असेल तर रक्तच हवं |
| कार्डिओजेनिक | १० मिनिटांत ईसीजी, दम असेल तर डोकं वर, तासाला लघवी | पटकन लिटरभर ड्रिप, पाय वर करणं |
| ऑब्स्ट्रक्टिव्ह | अडथळा काढण्याची तयारी: आयसीडी ट्रे किंवा पेरिकार्डियल टॅपचं साहित्य बेडजवळ | एक्स-रेसाठी कोसळत्या पेशंटला खाली नेणं |
| सेप्टिक | कल्चर घेऊन पहिल्या तासात अँटिबायोटिक, लॅक्टेट, सरासरी दाब ६५ | कल्चर मिळत नाही म्हणून अँटिबायोटिक लांबवणं |
| ॲनाफायलॅक्टिक | कारण बंद, मांडीच्या बाहेरच्या बाजूला आयएम ॲड्रेनालिन, मोठ्याला अर्धा मिलीग्रॅम | आधी ॲव्हिल-हायड्रोकॉर्ट देऊन वाट बघणं, पेशंटला एकदम उठवून बसवणं |
| न्यूरोजेनिक | मान आणि पाठ स्थिर, ॲट्रोपिन हाताशी, शरीराचं तापमान जपा | आधी रक्तस्राव नाकारल्याशिवाय हे नाव लिहिणं |

ॲड्रेनालिनच्या अँप्यूलवरचा आकडा मोठ्याने वाचून घ्या. आपल्याकडे बहुतेक वॉर्डांत एका मिलीत एक मिलीग्रॅम असलेली अँप्यूल असते, म्हणजे मोठ्या माणसाला अर्धा मिली. सुधारणा नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. ॲव्हिलने खाज कमी होते, पण पडलेलं बीपी आणि सुजलेला घसा त्याने सावरत नाही.

न्यूरोजेनिकबद्दल एवढंच जोडते की अशा पेशंटला सक्शन करताना नाडी अचानक आणखी मंद होऊ शकते. मॉनिटरकडे नजर ठेवून, थोडा वेळच सक्शन करा.

## कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

शॉकचा प्रकार ओळखणं हे डॉक्टरांना बोलावण्याआधी पूर्ण करायचं काम नाही. पहिल्या दोन तपासण्यांना मिळून दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात शॉकचा संशय आला की फोन करा आणि तिसरी-चौथी तपासणी ते येईपर्यंत करा.

यांपैकी काहीही दिसलं तर तक्ता बाजूला ठेवून तात्काळ बोलवा: सिस्टोलिक ९० किंवा सरासरी ६५ च्या खाली, नाडीचा आकडा सिस्टोलिकपेक्षा मोठा असणं, पल्स प्रेशर २० किंवा कमी, नवीन बडबड किंवा गुंगी, दोन तास लघवी रेघेखाली, श्वास मिनिटाला ३० च्या पुढे, एका बाजूला हवा बंद. ॲनाफायलॅक्सिस असेल तर वॉर्डच्या ठरलेल्या आदेशानुसार ॲड्रेनालिन आधी, फोन त्याच वेळी दुसऱ्याने. नाडी लागत नसेल तर सीपीआर सुरू करून कोड. घरी किंवा रस्त्यावर असाल तर १०८.

छातीत सुई घालणं, व्हॅसोप्रेसरचा वेग आदेशाशिवाय बदलणं, कार्डियाक पेशंटला स्वतःच्या अंदाजाने बोलस देणं, ही आपली कामं नाहीत. ड्युटी डॉक्टर दहा मिनिटांत आले नाहीत तर इन्चार्ज सिस्टरांना सांगून त्यांच्या वरच्या डॉक्टरांना फोन लावा आणि दोन्ही फोनची वेळ नर्सेस नोट्समध्ये लिहा.

फोनवर "सर, पेशंट बरा वाटत नाही" असं सांगितलं तर डॉक्टर राउंड संपवून येतात. वरच्या मुलासाठी असं सांगा: "सर, बेड सात, डेंग्यू, पाचवा दिवस, आज सकाळी ताप उतरला. नाडी ११८, बीपी १००/८२, पल्स प्रेशर १८. पाय थंड, रंग यायला चार सेकंद. सहा तासांत लघवी १००. हिमॅटोक्रिट ४० चा ५० झाला. मला डेंग्यू शॉक वाटतोय. दोन लाइन घेतल्यात, आरएल लावून ठेवलंय, वेग सांगा आणि लगेच बघायला या."